चोरीचा दावा, कंपनीची शंका आणि ‘हक्क राखून’ आलेलं पत्र

दुकानात घरफोडी होते, पोलिसांत फिर्याद होते, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जातो. मग काही आठवड्यांनी कंपनीचं पत्र येतं. त्यातला मजकूर साधारण असा असतो: ‘आपल्या दाव्याची तपासणी सुरू आहे. ही तपासणी म्हणजे कंपनीने दावा मान्य केला असा अर्थ होत नाही. पॉलिसीतील अट क्रमांक अमुक आणि तमुक यांखालील आमचे सर्व हक्क राखून आम्ही पुढील कागदपत्रांची मागणी करत आहोत.’ याला विमा व्यवसायात रिझर्वेशन ऑफ राइट्सचं पत्र म्हणतात. आपल्याकडे बहुतेक वेळा हे नाव वर छापलेलं नसतं. ‘विदाउट प्रेज्युडिस’ असा शेरा आणि दोन-तीन वाक्यं एवढ्यावरच काम भागवलेलं असतं.

पत्र वाचून दुकानदार दोनपैकी एक अर्थ काढतो. एक तर ‘दावा फेटाळला’, नाहीतर ‘नेहमीचीच कागदं मागितलीत, एजंट बघून घेईल’. दोन्ही चूक. दावा अजून जिवंत आहे, पण कंपनीला काहीतरी खटकलंय आणि उद्या नाही म्हणायची वेळ आली तर आपले हात बांधलेले नसावेत, याची तिने तजवीज केली आहे.

ही तजवीज का लागते? दावा आल्यावर कंपनी काहीच न बोलता माणसं पाठवत राहिली, कागद घेत राहिली आणि शेवटी म्हणाली की तुम्ही सुरुवातीलाच अमुक अट मोडली होती, तर ग्राहक विचारू शकतो, ‘मग इतके दिवस का बोलला नाहीत?’ वागण्यातून कंपनीने ती अट सोडून दिली, असं न्यायालय धरू शकतं. गलाडा पॉवर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तसंच धरलं. कंपनीने सर्व्हेअर नेमून नुकसान तपासलं, नकाराच्या पत्रात मुदतीचा मुद्दा घेतलाच नाही, म्हणून नंतर तो मुद्दा काढायला न्यायालयाने परवानगी दिली नाही. पण २०१८ मध्ये सोनेल क्लॉक्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मर्यादा स्पष्ट केली. फक्त सर्व्हेअर नेमला म्हणून कंपनीने हक्क सोडला असं होत नाही. मोठ्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअर नेमणं १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमनुसार कंपनीला भागच आहे, आणि त्या प्रकरणात अटभंगाचा मुद्दा सर्व्हेअरच्या अहवालातही होता, नकाराच्या पत्रातही होता. या दोन निकालांच्या मधली जागा सुरक्षित करण्यासाठी कंपन्या हे पत्र पाठवतात. आपल्या विमा कायद्यात या नावाचं पत्र पाठवण्याची सक्ती नाही.

आता एक रचलेलं उदाहरण घेऊ. आकडे गणित सोपं जावं म्हणून धरलेले आहेत, पण घडण्याची रीत खरी आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. मुख्य माल म्हणजे तांब्याची वाइंडिंग वायर. भाव किलोला ९०० रुपये धरू. एका रात्री शटरचं कुलूप तोडून चोरी झाली. कुलूप तोडलं हे महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक बर्गलरी पॉलिसींत जबरदस्तीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची अट असते, आणि ती अट शब्दशः लागू होते असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय प्रकरणात सांगितलं आहे. आपल्या उदाहरणात तो प्रश्न नाही. पंचनाम्यात तुटलेलं कुलूप आणि वाकलेली पट्टी दोन्ही आहेत. चोरी झाली याबद्दल कुणालाच शंका नाही.

शंका आकड्याबद्दल आहे. सकाळी दिलेल्या फिर्यादीत मालकांनी सांगितलं, अंदाजे ६०० किलो वायर गेली. आठ दिवसांनी भरलेल्या क्लेम फॉर्ममध्ये आकडा आला १,५०० किलो, म्हणजे १३ लाख ५० हजार रुपये.

सर्व्हेअर अशा वेळी फिर्यादीवरही विसंबत नाही आणि क्लेम फॉर्मवरही नाही. तो हिशेब मागून पुढे करत येतो. ३१ मार्चच्या ताळेबंदात शिल्लक ८०० किलो. तिथून चोरीच्या दिवसापर्यंत जीएसटी विवरणपत्रांत दिसणारी खरेदी २,४०० किलो. विक्रीची बिलं २,३०० किलोची. म्हणजे चोरीच्या रात्री दुकानात असायला हवा होता ९०० किलो माल. चोरीनंतर मोजून सापडला २५० किलो. गेला ६५० किलो, किंमत ५ लाख ८५ हजार. मालकांनी झोपेतून उठून पोलिसांना सांगितलेला अंदाज पन्नास किलोच्या फरकाने बरोबर होता.

मग १,५०० किलो आले कुठून? क्लेम फॉर्मसोबत बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याची दोन खरेदी बिलं जोडली होती, प्रत्येकी ४२५ किलोची. ही ८५० किलो धरली की शिल्लक होते १,७५० किलो, त्यातून २५० गेले की राहतात १,५००. पण पुरवठादारांच्या जीएसटी विवरणपत्रांवरून आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, म्हणजे जीएसटीआर-२बीमध्ये, ही बिलं दिसत नाहीत. एवढ्या किमतीच्या मालाला ई-वे बिल लागतं, तेही नाही. त्या व्यापाऱ्याला बँकेतून पैसे गेल्याचीही नोंद नाही. भरीला समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण आहे. त्यात एकच छोटा हत्ती एकदाच येऊन गेलेला दिसतो. त्या गाडीची क्षमता साधारण पाऊण टन. साडेसहाशे किलो तिच्यात आरामात बसतात, दीड टन एका खेपेत नेणं अवघड.

इथे कंपनीचं पत्र निघतं. चांगलं पत्र असेल तर त्यात हे सगळं मोकळेपणाने लिहिलेलं असतं: फिर्यादीतला आकडा हा, दाव्यातला हा, ही दोन बिलं आम्हाला पडताळता आली नाहीत, पॉलिसीतल्या या या अटींचा प्रश्न येऊ शकतो, आणि अमुक तारखेपर्यंत तुमचं म्हणणं द्या. वाईट पत्रात फक्त ‘पॉलिसीच्या सर्व अटी व शर्तींखालील सर्व हक्क राखून’ एवढं असतं, नेमकं काय खटकलं याचा पत्ता नसतो. माझ्या मते असं मोघम पत्र ग्राहकावर अन्याय करणारं आहे, कारण ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तो प्रश्नच त्यात नाही. तसं पत्र आलं तर पहिलं काम म्हणजे ईमेल करून लेखी विचारायचं, ‘कोणत्या अटीबद्दल आणि कोणत्या मुद्द्यावर शंका आहे ते कृपया कळवा.’ फोनवर मिळालेलं उत्तर उपयोगाचं नाही.

या पत्रात जवळजवळ नेहमी एका अटीचा उल्लेख असतो आणि सगळं गांभीर्य तिच्यात आहे. तिचा आशय असा: दावा कोणत्याही बाबतीत कपटाचा असेल, किंवा त्याच्या पुष्टीसाठी खोटं निवेदन केलं किंवा वापरलं असेल, तर पॉलिसीखालचे सर्व लाभ जप्त होतील. ‘सर्व’ हा शब्द लक्षात घ्या. फुगवलेला भाग वजा करून उरलेलं मिळेल, असं ही अट म्हणत नाही. आपल्या उदाहरणात दोन बिलं बनावट ठरली, तर ८५० किलोंचे ७ लाख ६५ हजार तर जातातच, पण खरोखर चोरीला गेलेल्या ६५० किलोंचे ५ लाख ८५ हजारही जातात. ‘जास्त मागू, सर्व्हेअर कापेल, मग बरोबर येईल’ हा बाजारातला सल्ला म्हणूनच धोकादायक आहे. सर्व्हेअरने कापणं वेगळं आणि खोटा कागद सापडणं वेगळं.

ही रेघ कुठे आहे ते नीट पाहिलं पाहिजे, कारण कंपन्याही कधीकधी ती पुसट करतात. फिर्यादीत ६०० आणि दाव्यात ६५० असेल, तर तो पहिल्या तासातल्या अंदाजाचा फरक आहे. त्यासाठी पोलिसांकडे पुरवणी जबाब देऊन आकडा दुरुस्त करता येतो, आणि तो लवकर द्यावा. मालकांनी भाव ९५० धरला आणि सर्व्हेअरने खरेदी दर ९०० धरला, तर तो किमतीबद्दलचा मतभेद आहे. विक्रीच्या भावाने दावा मांडला, तर सर्व्हेअर तो खरेदीच्या किमतीवर आणेल. विमा नुकसानाची भरपाई करतो, नफ्याची नाही. यातलं काहीही कपट नाही. कपट म्हणायला जाणूनबुजून केलेलं खोटं लागतं, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. नुसता आकडा मोठा आहे, सर्व्हेअरचा आकडा लहान आहे, एवढ्यावर सगळा दावा उडवता येत नाही.

बिल जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नाही म्हणजे ते खोटंच, असंही नाही. पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरणारा असेल आणि त्याने मधल्या महिन्यात बिलांची माहिती चढवली नसेल, तर ते बिल उशिरा दिसतं. पुरवठादाराने विवरणपत्रच भरलं नसेल तर दिसणारच नाही. म्हणून या एका गोष्टीवर निष्कर्ष काढणारा तपास अपुरा आहे. पण २बीमध्ये नाही, ई-वे बिल नाही, बँकेतून पैसे नाहीत, वाहतुकीची पावती नाही, माल उतरवल्याची वहीत नोंद नाही, असं सगळं एकत्र आलं तर तो योगायोग राहत नाही.

आता उदाहरणातल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. पत्र घेऊन मालक त्यांच्या अकाउंटंटकडे जातात. अकाउंटंट विचारतात, ‘एवढा आकडा का टाकला?’ मालक म्हणतात, ‘बँकेला स्टॉक स्टेटमेंटमध्ये जो आकडा दिलाय, तोच टाकलाय की. वेगळा टाकला असता तर बँक विचारली असती.’

दुकानाला कॅश क्रेडिट आहे. बँक दर महिन्याला मालाचं स्टेटमेंट घेते आणि २५ टक्के मार्जिन सोडून उरलेल्या रकमेपर्यंत पैसे उचलू देते. खऱ्या ९०० किलोवर, म्हणजे ८ लाख १० हजारांच्या मालावर, ६ लाख ७ हजार ५०० रुपये उचलता आले असते. स्टेटमेंटमध्ये १,७५० किलो दाखवल्यामुळे मर्यादा गेली ११ लाख ८१ हजारांवर. मंदीच्या दिवसांत खातं चालू ठेवण्यासाठी आकडा फुगवला, आणि चोरी झाल्यावर दाव्याचा आकडा त्याच्याशी जुळवणं भाग पडलं. दोन बिलं त्यासाठी आली. माल तारण असल्यामुळे पॉलिसीवर बँकेचंही नाव आहे, त्यामुळे दाव्याचे पैसे बँकेकडे जाणार आणि कंपनी बँकेकडून स्टेटमेंट मागवणार हे उघड आहे. चोरीच्या दाव्यातली फुगवाफुगवी पुष्कळदा अशी मागच्या दाराने येते. चोरीतून पैसे कमवायचे असं मनात नसतं. आधीचा एक खोटा आकडा सांभाळायचा असतो.

तिसरा आकडा जीएसटीत आहे. चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, परत करावं लागतं, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे. ६५० किलोंवर १८ टक्क्यांनी ते होतं १ लाख ५ हजार ३००. दीड टन गेला म्हणायचं तर २ लाख ४३ हजार परत करायला हवेत. कंपनीला मोठा आकडा आणि जीएसटीत लहान आकडा, किंवा काहीच परत केलेलं नाही, हे तपासनीस पहिल्या दिवशी पाहतो. फिर्याद, दावा, बँक आणि जीएसटी या चार ठिकाणी एकाच चोरीचे वेगवेगळे आकडे असले, की हक्क राखून ठेवणारं पत्र येणारच.

मग उत्तर काय द्यायचं? दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे बिलांवर ठाम राहायचं, त्या व्यापाऱ्याकडून ‘माल दिला’ असं पत्र आणायचं, मागच्या तारखेची वाहतूक पावती करून घ्यायची. कंपनीचा माणूस त्या व्यापाऱ्याच्या गावी जातो, त्याची वही पाहतो, आणि बहुतेक वेळा व्यापारी पहिल्याच भेटीत हात झटकतो. इथून पुढे विषय विम्याचा राहत नाही. बनावट कागद देऊन पैसे मागणं फौजदारी आहे.

दुसरी वाट अवघड आहे पण तीच धरावी असं माझं ठाम मत आहे. कंपनीला लेखी कळवायचं की क्लेम फॉर्ममधला आकडा बँकेच्या स्टेटमेंटवरून घेतला होता, ती दोन बिलं दाव्यातून मागे घेत आहोत, प्रत्यक्ष नुकसान ६५० किलोंचं आहे आणि त्याची कागदपत्रं ही. त्याच आठवड्यात बँकेला भेटून स्टेटमेंट दुरुस्त करायचं. बँक मर्यादा कमी करेल, जास्तीची रक्कम भरायला सांगेल, हे कटू आहे. उत्तर पाठवण्याआधी वकिलांना दाखवावं, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे वापरलं जाणार. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: आकडा मागे घेतला म्हणजे जप्तीची अट आपोआप गळून पडते असं नाही. खोटा कागद एकदा ‘वापरला’ गेला असं कंपनी म्हणू शकते. पण निर्णयाआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि शेवटपर्यंत खोट्यावर धरलेला हट्ट यांत ग्राहक आयोगापुढे मोठं अंतर पडतं. बिलं खरोखर आगाऊ आली होती, माल यायचा होता, असं असेल तर ते कागदावर दाखवता येतं आणि हेतूचा प्रश्न पुष्कळ सुटतो.

या काळात कंपनी सर्व्हेअरशिवाय वेगळा तपासनीसही पाठवू शकते. सर्व्हेअर नुकसान मोजतो, तपासनीस खरं-खोटं शोधतो. त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र मागा. तो जबाब लिहून घेतो, आणि पुष्कळदा तो इंग्रजीत लिहून सही मागतो. जबाब मराठीत लिहायला सांगा, वाचून मग सही करा, आणि तिथेच फोटो काढून प्रत ठेवा. कामगारांचे जबाबही तो घेईल. दुकानातला माणूस चोरीत सामील असेल तर बऱ्याच बर्गलरी पॉलिसींत भरपाईच नसते, म्हणून हा प्रश्न येणारच. कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमत, मनासारखा अहवाल येईपर्यंत चालवलं, तर मात्र ते चालत नाही. पुन्हा नेमणूक करायला सबळ कारण द्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात २००९ मध्ये म्हटलं आहे.

पोलिसांच्या बाजूने शेवटी समरी, म्हणजे तपास बंद करणारा अहवाल, येते. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. ‘अ’ समरी मिळाली की दुकानदाराला वाटतं, आता कंपनीने पैसे द्यायलाच हवेत. पण समरी चोरी झाल्याचं सांगते, किती किलो गेले ते नाही. आकड्याचा वाद तिच्याने मिटत नाही.

हक्क राखून ठेवणारं पत्र हा निर्णय नाही, आणि कंपनीला ते अनंत काळ पुढे करत बसता येत नाही. मागितलेली सगळी कागदं पोच घेऊन दिली, तरी महिनोन्‌महिने उत्तर नसेल, तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही लोकपालाच्या कक्षेत येतात, मर्यादा ५० लाख रुपयांची आहे, फी नाही, आणि कोल्हापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. दुसरा मार्ग कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. व्यापाऱ्याने धंद्यासाठी विमा घेतला म्हणून तो ग्राहक नाही, हा कंपन्यांचा जुना मुद्दा २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या निकालाने निकाली निघाला आहे. दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते.

दावा फेटाळलाच, तर नकाराचं पत्र आणि हक्क राखून ठेवणारं पत्र शेजारी ठेवून वाचा. कंपनीला नकाराच्या पत्रात दिलेल्या कारणांपलीकडे नंतर जाता येत नाही, हे सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९च्या निकालातही सांगितलं आहे. पहिल्या पत्रात पाच अटी राखून ठेवल्या असतील आणि नकार फक्त दोन बिलांवर दिला असेल, तर आयोगापुढे लढाई त्या दोन बिलांपुरतीच राहते. उद्यमनगरातल्या मालकांनी ती बिलं आधीच मागे घेतली असतील, तर ५ लाख ८५ हजारांसाठी कंपनीला उत्तर द्यावं लागेल.